क्लासच्या नावाबरोबर क्रियापदही येतं

*ताई, मी घरीच पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी गणिताचा क्लास सुरू करतेय. नाव काही ठरत नाही. घरच्यांनी सुचवलेलं 'जीनियस मॅथ्स अकॅडमी' पाटीवाल्याकडे द्यायला निघाले होते, तेवढ्यात शेजारच्या सहावीतल्या मुलीने विचारलं, "काकू, हा हुशार मुलांसाठी आहे ना?" मी थांबले. आता यादीत 'सोपं गणित', 'गणिताशी मैत्री', 'आर्यभट्ट क्लासेस' आणि 'अंकांगण' आहेत. ऐकून मुलांना मजा वाटेल, पोटात गोळा येणार नाही, असं नाव शोधायचं कसं?*
*– एक शिक्षिका*

पाटी अजून रंगवायला दिली नाहीत, हे फार बरं झालं. त्या मुलीने नाव ऐकलं आणि एका क्षणात स्वतःला त्यातून वजा केलं. मुलं नाव अशीच ऐकतात. मोठ्यांना 'जीनियस' म्हटलं की इथून मूल काय होऊन बाहेर पडेल ते ऐकू येतं. मुलाला मात्र आत शिरायला आधी काय असावं लागतं, तेच ऐकू येतं. 'टॉपर', 'चॅम्पियन', 'ब्रेन', 'मास्टर' ही सगळी याच घरातली नावं. ती आधी क्रम लावतात, आणि ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे त्याला आपला क्रम कुठे लागतो ते पाठ असतं.

तुमच्या यादीतलं 'सोपं गणित' मी स्वतः वापरून पाहिलेलं आहे. क्लास सुरू केला तेव्हा दारावर हेच नाव होतं आणि ते मला मनापासून आवडायचं. दोन-तीन महिन्यांनी सहावीतला एक मुलगा अपूर्णांकांच्या बेरजेवर अडला. छेद समान करायचे राहून गेले होते; त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून टाकले होते. मी "परत बघू या" म्हटलं, तर त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि पाटीकडे बघत म्हणाला, "सोपं आहे ना, मग मला का येत नाही?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, तो खरंच विचारत होता. अवघड गोष्ट आली नाही तर मुलाला निदान ती अवघड होती असं म्हणता येतं. सोपी म्हणून सांगितलेली गोष्ट आली नाही, तर दोष ठेवायला त्याच्याकडे स्वतःशिवाय कोणी उरत नाही. ती पाटी मी त्याच आठवड्यात उतरवली.

'गणिताशी मैत्री' या नावामागचा जिव्हाळा कळतो. पण मैत्री करायला सांगावी लागते ती भांडण झालेल्यांना. ज्या मुलाचं गणिताशी काही वाकडं नव्हतं, त्यालाही या नावातून इथे काहीतरी बिनसलेलं असतं असं कळतं. 'भीती घालवा', 'टेन्शन नको', 'न घाबरता गणित' ही नावं तर ज्या शब्दाला घालवायचं तोच शब्द दारावर लिहून ठेवतात. आणि आठवीतल्या मुलांना 'मैत्री' हा मोठ्यांनी लावलेला सूर वाटतो, ती लगेच खांदे उडवतात.

आर्यभटांचं नाव द्यायचंच झालं तर आधी ते नीट लिहा: आर्यभट, एकच ट. 'भट्ट' हे नंतर रूढ झालेलं चुकीचं रूप आहे, आणि गणिताच्या क्लासच्या पाटीवर चूक शोभत नाही. पण थोरांचं नाव मुलाला तसबिरीसारखं वाटतं. तिच्यासमोर ते हात जोडून उभं राहतं, खेळायला तिच्याजवळ जात नाही.

'अंकांगण' मलाही वाचताक्षणी आवडलं. अंक आणि अंगण, छान जुळलंय. आता ते पाचवीतल्या मुलाला पटकन तीनदा म्हणायला सांगा. दोन अनुस्वार एकाला एक लागून आलेत, शेवटी ण आहे. तिसऱ्या वेळेला 'अंकागन', 'अंगाकण' असं काहीतरी निघतं. संधी करून बनवलेले शब्द मोठ्यांना वाचायला गोड वाटतात, पण मुलांच्या तोंडात ते वळत नाहीत. मुलाला जे नाव नीट उच्चारता येत नाही ते ते मित्राला सांगत नाही. मग "क्लासला चाललोय" एवढंच म्हणतं आणि तुमचं नाव पाटीवरच राहतं.

हे सगळं यादी छाटायच्या कामाचं झालं. शोधायचं कसं, याचं उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळालं, आणि ते मुलांचं बोलणं ऐकताना मिळालं. नाव एकटं येत नाही, ते आपलं क्रियापद बरोबर घेऊन येतं.

गणिताच्या आसपासची क्रियापदं आठवून बघा. गणित येतं किंवा येत नाही. गणित चुकतं. पाढे पाठ करतात, म्हणून घेतात. परीक्षेत गणितात उडतात. आणि आईवडील शिकवणी 'लावतात', मुलाला क्लासला 'टाकतात'. मलम लावतात, पट्टी लावतात, तशी शिकवणी लावतात: काहीतरी दुखावलंय म्हणून. या वाक्यांत मूल कुठे आहे ते पाहा. एक तर ते चुकणारं आहे, नाहीतर त्याला कोणीतरी कुठेतरी टाकतंय. म्हणून 'शिकवणी', 'ट्यूशन', 'क्लासेस' हे शब्द मोठ्या अक्षरांत नकोत. शब्द वाईट म्हणून नाही, तर त्यांची क्रियापदं मुलाच्या बाजूची नाहीत म्हणून.

आता 'कोडं' हा शब्द घ्या. कोडं घालतात, कोडं पडतं, कोडं सुटतं, कोडं उलगडतं. आणि नाही सुटलं, तर? "सुटत नाहीये" असं आपण म्हणतो. त्यात कोडं हट्टी आहे, मूल तिथेच बसलेलं आहे आणि उद्या परत बसणार आहे. "माझं कोडं चुकलं" असं सहसा कोणी म्हणत नाही. तीच वजाबाकी, तेच अपूर्णांक. एका शब्दाखाली ठेवले की चुकतात आणि दुसऱ्याखाली ठेवले की सुटायचे राहतात. या फरकावर मी माझ्या क्लासचं नाव बदललं आणि इतरांनाही सुचवत आले. तुमच्यासाठी माझी पहिली पसंती 'कोडेघर' ही आहे. 'नाणेघाट', 'डोकेदुखी' या शब्दांसारखाच हा समास, म्हणून कानाला ओळखीचा लागतो. 'घर' आलं की पाचवीला ते लहानांचं वाटत नाही आणि आठवीला बाळबोध वाटत नाही. शिवाय तुमचा क्लास खरोखरच घरात आहे.

'घर'चा आणखी एक फायदा मराठीपुरता आहे. आपल्याकडे नावाला प्रत्यय लागतो. मूल नुसतं नाव घेत नाही, ते 'ला' लावतं, 'त' लावतं, 'हून' लावतं. प्रत्यय लागल्यावर नाव कसं वाकतं ते म्हणून बघायचं. "कोडेघरात चाललोय", "कोडेघराहून आलो" हे सरळ निघतं. 'मोजून बघू' हे नाव एका शिक्षिकेने सुचवलं होतं. क्रियापद सुंदर आहे, त्यात मूल स्वतः काहीतरी करतंय. पण "मोजून बघूला चाललोय" म्हणताना जीभ अडखळते. मुलं मग त्याला कापून 'मोजू' करतात, आणि कापलेलं नाव आपल्या हातात राहत नाही.

'हातचा एक' मात्र वेगळ्याच कारणाने थोडक्यात राहिलं. ते नाव मला फार जवळचं वाटलं होतं. बेरीज करताना आपण तो एक वरच्या घरावर लिहून ठेवतो, बोट दुमडून ठेवतो. प्रत्येक मुलाने ते केलेलं असतं. पण एका मैत्रिणीने लक्षात आणून दिलं की मराठीत 'हातचं राखून' असंही म्हणतात. उद्या कोणी पालक म्हणाला, "हातचं राखून शिकवतात", तर ते नाव तुमच्याच विरुद्ध उभं राहील. गणितातले बरेचसे शब्द असे दुहेरी आहेत. 'ताळा' हा उत्तर पडताळायचा किती छान शब्द, पण मुलाला 'ताळ्यावर आणतात' हेही त्याला माहीत असतं. 'पाढा' म्हटला की तक्रारींचा पाढा आठवतो. 'शून्य' हे नाव फार भारदस्त वाटतं, शून्याचा इतिहासही मोठा. पण शाळेच्या मैदानावर "हा शून्यातला" एवढं एकच वाक्य पुरे. 'आकड्यांचा अड्डा' आठवी-नववीच्या मुलांना हमखास आवडतं. पण ज्या आजोबांना 'आकडा लावणे' म्हणजे काय ते ठाऊक आहे, ते नातवाला तिथे पाठवायला कचरतील.

म्हणून प्रत्येक नावाला चिडवून पाहा. हे काम मुलांइतकं चांगलं कोणी करत नाही. दोघा-तिघांना सांगायचं, "या नावाच्या क्लासला जाणाऱ्या मित्राला तुम्ही काय म्हणून चिडवाल?" ती जे म्हणतील ते पहिल्याच आठवड्यात शाळेत कोणीतरी म्हणणारच असतं, तर मग आजच ऐकलेलं बरं. 'कोडेघर'वर मला आजवर "कोड्यात पडलास का?" एवढंच ऐकायला मिळालं, आणि त्याला मुलं स्वतःच "पडलोय, येतोस का?" असं उत्तर देतात.

'मॅजिक', 'जादू' ही नावं मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती मुलांना खरंच आवडतात. माझी हरकत वेगळी आहे. जादू कोणीतरी दुसरा करतो आणि युक्ती लपवतो. बघणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या असतात. गणितात तर युक्ती उघडी करून मुलाच्या हातात द्यायची असते. 'जादू'चं क्रियापद आहे दाखवणं, आणि दाखवणाऱ्या तुम्ही असाल. 'धमाल', 'मस्ती', 'फन' या शब्दांचीही अडचण आहे. ते मजेचं वचन देतात आणि ती मजा नेमकी कशात ते सांगत नाहीत. मूल पहिल्या दिवशी ती मजा शोधतं, समोर सरावाचा कागद येतो, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याच शब्दावर ते चटकन विश्वास ठेवत नाही.

इथेच 'कोडेघर' या नावाची खरी जबाबदारी येते. दारावर कोडं लिहिलंय, तर आत शिरल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कोडं समोर यायला हवं, आणि ते त्या दिवशीच्या गणिताचंच असायला हवं. करमणुकीचं कोडं दहा मिनिटं आणि मग 'आता अभ्यास' असं केलंत, तर मुलांना कळतं की कोडं हे वरचं वेष्टन होतं. मी पहिल्या दिवशी काय करते ते सांगते, म्हणजे नाव आणि काम एकमेकांना कसं धरून राहतं ते दिसेल.

मुलाला चार अंक निवडायला सांगते, चारही सारखे नकोत एवढीच अट. समजा त्याने 3, 5, 2, 4 घेतले. ते उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या क्रमाने, आणि मोठ्यातून लहान वजा करायचं. जे येईल त्याचे अंक घेऊन परत तेच.

5432 − 2345 = 3087
8730 − 0378 = 8352
8532 − 2358 = 6174

आता 6174 चे अंक मांडून बघा: 7641 − 1467 = 6174. संख्या तिथेच थांबली. शेजारच्याने वेगळे अंक घेतले होते, त्याची वाट वेगळी होती, तरी तोही 6174 वरच येऊन पोचतो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत. मध्ये एखादी वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लिहून ती चार अंकी ठेवायची, उदाहरणार्थ 999 हे 0999. ही एवढी सूचना आधी द्या, मुलं नेमकी तिथेच अडतात.

हे द. रा. कापरेकरांनी 1949 मध्ये मांडलं. ते शाळेत शिकवणारे शिक्षक होते, तुमच्या-माझ्यासारखेच.

आता बघा, या खेळात मुलाने हातच्याच्या तीन-चार वजाबाक्या केल्या. मी त्याला पान भरून वजाबाक्या दिल्या असत्या तर त्याने सुस्कारा टाकला असता. एखाद्याची वजाबाकी मध्येच चुकली तर अनेकदा पायऱ्या लांबत जातात, "माझं अजून येत नाहीये" असं तो स्वतःच म्हणतो आणि स्वतःच मागे जाऊन बघतो. मला लाल पेन उचलावं लागत नाही. कुठे चुकलं ते शोधायला तुमच्याकडे एक गुपचूप खूण आहे: प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9 च्या पटीत यायला हवी. 3087 ची 18, 8352 ची 18, 6174 ची 18. जिथे 17 किंवा 20 दिसेल तिथे वजाबाकी चुकलेली आहे. आठवीच्या मुलांना ही खूण सांगून टाका आणि असं का होतं हेच त्यांचं कोडं करा. त्यांना अक्षरं वापरून ते सिद्ध करता येतं.

हा खेळ इतका लागू पडतो की क्लासचं नावच '6174' ठेवावं असं मला एकदा वाटलं होतं. पाटीवर दिसतंही छान, रस्त्यावरून जाणारं मूल थबकून "हे काय?" विचारेल. पण म्हणायचं कसं? 'एकसष्ट चौऱ्याहत्तर'. मराठीत दशकाआधी एकक बोलतात, आणि चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव यांत तर मुलं हमखास गोंधळतात. ज्या मुलाला आकडे बोलताना धाकधूक होते त्याने क्लासचं नाव घेताना दर वेळी परीक्षा द्यायची, हे मला पटलं नाही. तो आकडा आतल्या भिंतीवर ठेवा, पाहिजे तेवढा मोठा.

कापरेकरांची आठवण मला नावांच्या बाबतीत आणखी एका कारणाने येते. त्यांनी एका प्रकारच्या संख्यांना 'हर्षद' हे नाव दिलं, म्हणजे हर्ष देणाऱ्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो ती हर्षद: 18 ला 9 ने जातो, 21 ला 3 ने जातो, 19 ला 10 ने जात नाही. पाचवीतलं मूल अर्ध्या मिनिटात आपलं वय हर्षद आहे का ते तपासतं. आनंदाचा शब्द नावात आला तरी इथे तो पोकळ वाटत नाही, कारण त्याच्या मागे मुलाला स्वतः करून बघता येईल असं काहीतरी आहे. नावात मजेचा शब्द घालायचाच असेल तर त्यामागे असं काहीतरी हवं.

आता पालकांचं. 'कोडेघर' ऐकून कोणीतरी विचारणारच, "कोडी सोडवून परीक्षेत मार्क मिळणार का?" त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पाटीवरच द्यायला हवं, पण वेगळ्या ओळीत. मोठ्या अक्षरांत मुलांसाठी 'कोडेघर', आणि खाली निम्म्या आकारात पालकांसाठी 'गणित, इयत्ता 5 वी ते 8 वी'. एकाच नावात दोघांना खूश करायला गेलं की 'कोडेघर मॅथ्स अँड स्कॉलरशिप अकॅडमी' असं लांबलचक काहीतरी होतं. मग मूल त्यातला एकही शब्द आपला मानत नाही. फीच्या पावतीवर, पालकांना पाठवायच्या निरोपात खालची ओळ आधी आली तरी चालेल. मुलाच्या वहीवर फक्त वरची.

'कोडेघर'मध्ये एक अडचण आहे, ती लपवत नाही. फोनवर शोधताना बरेच लोक रोमन अक्षरं वापरतात. तिथे ते `Kodeghar` होतं आणि काही जण `Codeghar` टाइप करतात. मग हा कॉम्प्युटर शिकवायचा क्लास आहे अशी समजूत होते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला असे चार-पाच फोन आले. उपाय साधा आहे: ऑनलाइन नाव नोंदवताना देवनागरीत लिहा आणि 'गणित' हा शब्द त्याच ओळीत ठेवा. आणि पाटी करण्याआधी त्याच नावाचा दुसरा क्लास आसपास कोणाचा नाही ना, हे दोन्ही लिप्यांत शोधून घ्या.

हे नाव मी सुचवलं म्हणून घेऊ नका. तुमच्या मनात असलेली तीन नावं घ्या, त्यात हवं तर 'कोडेघर' ठेवा, आणि सात-आठ मुलांवर ती करून बघा. क्लासला येणारीच मुलं नकोत, ती तुम्हाला बरं वाटेल ते बोलतील. त्याच कारणासाठी "आवडलं का?" हा प्रश्न अजिबात विचारायचा नाही, त्याला मुलं 'हो' म्हणून मोकळी होतात. प्रत्येक नाव एका चिठ्ठीवर लिहा, मुलाला एकेक चिठ्ठी द्या आणि विचारा, "या नावाच्या खोलीत आत काय चाललेलं असेल? काढून दाखव."

चित्रांतून जे कळतं ते तोंडी उत्तरांतून कळत नाही. आम्ही हे केलं तेव्हा 'जीनियस'ची चिठ्ठी मिळालेल्या पाचवीतल्या मुलीने चष्मा लावलेला एक मुलगा काढला, त्याचं डोकं अंगापेक्षा मोठं. खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. 'सोपं गणित'वर दोघांनी फळा काढला, फळ्याशी बाई, बाकांवर मुलांची नुसती डोकी. 'कोडेघर'वर एकाने जमिनीवर पालथी पडलेली चार मुलं काढली आणि मध्ये एक मोठं प्रश्नचिन्ह. मी चित्रात तीनच गोष्टी बघते: त्यात मुलं आहेत का, ती एकाहून जास्त आहेत का, आणि त्यांचे हात काही करतायत का. ज्या नावावर हे तिन्ही येतं ते नाव कामाचं.

मग दोन दिवस काहीही बोलू नका. तिसऱ्या दिवशी वाटेत भेटलं की सहज विचारा, "परवाची नावं कोणती होती गं?" जे पहिलं आठवेल आणि जसं आठवेल तसं लिहून घ्या, मोडलेलं असलं तर मोडलेलंच. तीन-चार मुलं एकाच तऱ्हेने मोडून सांगत असतील, तर त्यांनी मोडलेलं रूप अनेकदा तुमच्या मूळ नावापेक्षा सुटसुटीत असतं. तेही एकदा चिठ्ठीवर लिहून बघा.

आणि पहिली चिठ्ठी त्या शेजारच्या मुलीला द्या. तिच्या हातात कागद-पेन्सिल देऊन समोर बसा, ती काढत असताना मध्ये काही सुचवू नका. चित्र झालं की एवढंच विचारा: "यात तू कुठे आहेस?"